थीसिस म्हणजे एक वाक्य, गोषवारा म्हणजे कानातला दागिना!

परवा माझी भाची पीएच.डी. प्रवेशाचं माहितीपत्रक घेऊन घरी आली. पेट पास झाली होती, मुलाखतीची तारीख लागली होती, आणि पत्रकातल्या चार शब्दांखाली तिनं पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या : थीसिस, डिझर्टेशन, ॲबस्ट्रॅक्ट, व्हायवा. "मावशी, थीसिस आणि डिझर्टेशन एकच ना गं? मग दोन शब्द कशाला? आणि हे ॲबस्ट्रॅक्ट आत्ता द्यायचं की शेवटी?"

माझी कित्येक वर्षं प्रबंधांच्या गराड्यात गेली आहेत, म्हणून हे प्रश्न मला नवे नाहीत. दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. पण या शब्दांच्या पोटात किती गमती दडल्या आहेत, हे कुणी सांगत नाही. त्या कळल्या की अर्थ पाठ करावा लागत नाही. म्हणून त्या दुपारी चहा दोनदा झाला आणि आम्ही एकेक शब्द उलगडत बसलो.

थीसिस : लांबच्या नात्यातलं 'विधान'

थीसिस हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ अगदी साधा : ठेवणं, मांडणं. ज्या धातूपासून तो आला, त्याचाच भाऊ संस्कृतात 'धा' म्हणून नांदतो. त्याच 'धा'पासून आपलं 'विधान' झालं. म्हणजे थीसिस आणि विधान हे भाषांच्या घराण्यात चुलतभाऊ, आणि अर्थही तोच. कुणीतरी चारचौघांत एक विधान मांडलं, की ती झाली थीसिस.

त्याचा सगळ्यात गाजलेला दाखला १५१७ सालचा आहे. जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठात शिकवणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं ९५ थीसिस मांडल्या आणि युरोपभर खळबळ उडाली. एका माणसानं ९५ प्रबंध कसे लिहिले असतील, असं कोड्यात पडू नका. त्यातली एकेक थीसिस एक-दोन वाक्यांची होती. त्या काळी विद्यापीठात वाद घालायचा तर आधी आपली विधानं जाहीर करायची आणि मग येईल त्याला तोंड द्यायचं, अशी रीत होती. पुढे त्या विधानाच्या समर्थनासाठी लिहिलेल्या जाडजूड ग्रंथालाच थीसिस म्हणू लागले. नाव वाक्याचं होतं, ते चिकटलं बाडाला.

हे जुनं नातं काही देशांनी अजून जपलंय. स्वीडनमधल्या उप्सालासारख्या जुन्या विद्यापीठांत जाहीर परीक्षेच्या काही आठवडे आधी उमेदवार आपला प्रबंध खरोखरच खिळ्यानं ठोकून टांगतो. नेदरलँड्समध्ये अनेक ठिकाणी प्रबंधासोबत सुट्या विधानांची एक यादी देतात, आणि परीक्षक त्यातल्या कुठल्याही विधानावर प्रश्न विचारू शकतो.

याचा तुमच्या मुलाखतीशी थेट संबंध आहे. भाचीला मी विचारलं, "तुझा विषय काय?" ती म्हणाली, "नाशिक जिल्ह्यातली कांद्याची साठवणूक." म्हटलं, हा विषय झाला, थीसिस नव्हे. विषयाला कुणी 'नाही' म्हणू शकत नाही. थीसिसला म्हणू शकतं. 'कांदा चाळीत सडतो तो मुख्यतः चाळीच्या रचनेमुळे नव्हे, तर काढणीनंतर नीट न सुकवता भरल्यामुळे', असं म्हटलंत की समोरचा लगेच सरसावून बसेल : कशावरून? हे 'कशावरून' ज्या वाक्यातून निघतं, ते वाक्य तुमची थीसिस. प्रवेशाच्या वेळी ते पक्कं असावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते, तेव्हा ते अंदाजच असतं. त्या अंदाजाला म्हणतात हायपोथीसिस, आपल्याकडे गृहीतक. 'हायपो' म्हणजे खाली. विधानाच्या खाली घातलेला पाया. मोजणीनंतर तो खचूही शकतो, आणि खचला तर तेही प्रबंधात प्रामाणिकपणे लिहायचं असतं.

समुद्र ओलांडला की नावं उलटतात

आता भाचीचा मूळ प्रश्न. डिझर्टेशन लॅटिनमधून आलं. मूळ क्रियापदाचा अर्थ चर्चा करणं, वाद घालणं. म्हणजे हाही बोलण्याचाच शब्द. थीसिस म्हणजे मांडलेलं विधान आणि डिझर्टेशन म्हणजे त्यावरची चर्चा, इतका सुटसुटीत फरक मुळात होता. नंतर दोन्ही शब्द ग्रंथालाच लागले आणि घोळ झाला.

घोळ असा, की ब्रिटनमध्ये साधारणपणे एम.ए., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं लिहायचं ते डिझर्टेशन आणि पीएच.डी.ची थीसिस. अमेरिकेत बरोबर उलटं : मास्टर्सची थीसिस आणि पीएच.डी.चं डिझर्टेशन. आपली विद्यापीठं ब्रिटिश वळणाची, त्यामुळे आपल्याकडे पदव्युत्तर पातळीवर डिझर्टेशन किंवा लघुशोधप्रबंध, आणि पीएच.डी.ला थीसिस म्हणजे शोधप्रबंध. एम.फिल.लाही लघुशोधप्रबंधच असे, पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनं एम.फिल. बंद केलं. तुमच्या हातातल्या पत्रकात एम.फिल.चा अभ्यासक्रम दिसत असेल, तर आधी ते पत्रक कुठल्या सालचं आहे ते बघा.

या उलटापालटीचा फटका अर्जात बसतो. अमेरिकेच्या फॉर्मवर 'डॉक्टरल डिझर्टेशन'चा रकाना असतो आणि आपल्याकडची मुलं तिथे एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं नाव लिहून मोकळी होतात, कारण इथे त्याला डिझर्टेशनच म्हणतात. शब्दावर जाऊ नका, पदवीवर जा. कोणत्या पदवीसाठी लिहिलं, एवढंच रकान्याला हवं असतं.

दोन्ही किनाऱ्यांवर प्रबंध लिहिलेला आपला माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर एम.ए.चा प्रबंध दिला. पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाटचालीवरचा. तो लिहिला लवकर, पण पदवी हाती आली १९२७ साली. कारण त्या काळी कोलंबियात प्रबंध नुसता मान्य होऊन भागत नसे, तो छापून प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. ग्रंथ छापून निघाला १९२५ साली. दरम्यान लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एम.एस्सी. झाली १९२१ ला, आणि डी.एस्सी.साठी लिहिलेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' मान्य झाला १९२३ ला. म्हणजे एकाच माणसाचे चार प्रबंध, आणि त्यातला आधी लिहिलेला डॉक्टरेटचा प्रबंध पदवीच्या कागदावर नंतर आला.

त्या रुपयाच्या प्रबंधाची थीसिस एका वाक्यात सांगता येते : सुवर्ण विनिमय पद्धतीनं रुपयाचं मोल स्थिर राहत नाही, त्यासाठी रुपयांच्या संख्येवरच पक्की मर्यादा हवी. समोर जॉन मेनार्ड केन्स होता, ज्यानं १९१३ साली त्याच पद्धतीची बाजू घेऊन पुस्तक लिहिलं होतं. थीसिसला 'नाही' म्हणणारा कुणीतरी असावा लागतो म्हणतात, तो असा.

आणि एक गंमत, जी ऐकून भाचीनं डोळेच विस्फारले. अठराव्या शतकातल्या स्वीडनमध्ये डिझर्टेशन बरेचदा विद्यार्थी लिहीतच नसे! प्राध्यापक लिही, आणि विद्यार्थी त्याचं जाहीर समर्थन करी. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा कार्ल लिनियस, त्याच्या अध्यक्षतेखाली अशी १८६ डिझर्टेशन्स झाली, आणि त्यातला बहुतेक मजकूर त्याचाच मानला जातो. परीक्षा लिहिण्याची नव्हतीच, उभं राहून बोलण्याची होती.

ॲबस्ट्रॅक्ट : पेशव्यांच्या दप्तरातला दागिना

ॲबस्ट्रॅक्टचा लॅटिन अर्थ 'ओढून काढलेलं'. शेतातला ट्रॅक्टर त्याच घरातला, तोही ओढणाराच. मोठ्या ग्रंथातून सार ओढून बाहेर काढलं, की ॲबस्ट्रॅक्ट. पण मला आपला मराठी शब्द त्याहून देखणा वाटतो : गोषवारा. हा फारसीतून आला. 'गोश' म्हणजे कान, आणि 'गोशवारा' म्हणजे कानातला दागिना. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हिशेबाचं सार. जमाखर्चाच्या लांबलचक कागदांचा थोडक्यात ताळेबंद म्हणजे गोषवारा, असा तो दप्तरांमधून आपल्याकडे रुळला. दागिना केवढासा, पण नजर आधी तिथेच जाते. ॲबस्ट्रॅक्टचंही तसंच आहे. प्रबंध सव्वातीनशे पानांचा असला, तरी बहुतेक जण वाचणार आहेत ते हे एक पान.

इथेच माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा खड्डा आहे. 'सिनॉप्सिस' हा शब्द आपल्याकडे दोन वेळा येतो आणि दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. प्रवेशाच्या वेळी मागतात तो संशोधनाचा आराखडा : काय करणार, का, कसं. तिथली क्रियापदं भविष्यकाळी. प्रबंध सादर करायच्या आधी पुन्हा सिनॉप्सिस मागतात, तो झालेल्या कामाचा सारांश. तिथली क्रियापदं भूतकाळी. ॲबस्ट्रॅक्ट या दुसऱ्याच्या जातीचं, पण त्याहून आखूड. तेव्हा भाचीला म्हटलं, मुलाखतीसाठी 'ॲबस्ट्रॅक्ट ऑफ प्रपोज्ड रिसर्च' मागितलंय ना, म्हणजे त्यांना आराखड्याचा गोषवारा हवाय. निष्कर्ष लिहू नकोस, ते अजून जन्मलेच नाहीत.

मग तिनं लिहून आणलेला मसुदा पाहिला. पहिलं वाक्य : 'कांदा हे महाराष्ट्राचं महत्त्वाचं नगदी पीक आहे.' दुसरं : 'नाशिक जिल्हा कांद्यासाठी प्रसिद्ध आहे.' तिसरं : 'साठवणुकीच्या समस्या अनेक आहेत.' सगळं खरं, पण अर्धा गोषवारा संपला तरी ती काय करणार हे कळलं नाही. हे पहिलं आणि नेहमीचं दुखणं. ओळखायची खूण सोपी आहे : वाक्य दुसऱ्या कुणाच्याही प्रबंधात जसंच्या तसं चालत असेल, तर ते तुमच्या गोषवाऱ्यातलं नाही.

आम्ही तो नव्यानं रचला. आधी नेमकी उणीव : चाळीच्या रचनेचा अभ्यास होतो, पण भरण्याआधी कांदा किती दिवस सुकवला याची नोंद त्यात क्वचितच असते. मग प्रश्न : सुकवण्याचे दिवस आणि सड यांचा संबंध काय? मग पद्धत : निफाड तालुक्यातल्या ४० चाळी, प्रत्येकीतलं वजन भरताना आणि पुढे दर महिन्याला, चार महिने. मग अपेक्षा : सुकवण्याचा कालावधी हा रचनेपेक्षा मोठा घटक ठरेल असं गृहीतक आहे. शेवटी उपयोग : तसं ठरलं तर नव्या चाळीचा खर्च न करताही नुकसान कमी करता येईल. पाच वाक्यं. तीन वर्षांनी हेच पान पुन्हा उघडायचं, 'मोजणार' च्या जागी 'मोजलं' आणि 'ठरेल' च्या जागी खरा आकडा घालायचा, मग ते प्रबंधाचं ॲबस्ट्रॅक्ट होईल. आकडा उलटा आला तर उलटाच घालायचा.

आणखी एक बाब माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. वाङ्मयचौर्याबद्दल आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. त्यात साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, असं आहे, आणि मुलं तेवढंच लक्षात ठेवतात. पण त्याच नियमांत गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी हा गाभा स्वतःच्याच विचारांचा हवा, त्यात साम्य चालणार नाही, असंही म्हटलंय. योगायोगानं किंवा सामान्यज्ञान म्हणून जुळणाऱ्या सलग १४ शब्दांपर्यंत सूट आहे. म्हणून ॲबस्ट्रॅक्ट लिहिताना दुसऱ्याचं समोर उघडून ठेवू नका. साम्य १० ते ४० टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० टक्के निघालं तर वर्षभर सुधारित प्रबंध देताच येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

व्हायवा : जीव आणि वाचा

चौथा शब्द मला सगळ्यात लाडका. पूर्ण रूप 'व्हायवा व्होसी', लॅटिन, अर्थ 'जिवंत आवाजानं'. यातला 'व्हायवा' आणि आपला 'जीव' एकाच मुळाचे. 'व्होसी' आणि आपली 'वाचा' हेही एकाच मुळाचे. म्हणजे लॅटिनमधल्या परीक्षेचं नाव सुटं करून पाहिलं तर हाती येतात 'जीव' आणि 'वाचा'. बारावीच्या प्रॅक्टिकलला जर्नल पुढे ठेवून बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले होते, आठवतं? ती याच कुळातली धाकटी. थीसिस मांडायची, डिझर्टेशन चर्चायचं, हे सगळं तोंडी होतं तेव्हाच्या विद्यापीठाचा उरलेला हुंकार म्हणजे व्हायवा.

आपल्याकडे तो कसा होतो? २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध तुमच्या मार्गदर्शकांकडे आणि विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. शक्य असेल तर त्यातला एक परदेशातला असावा, असंही म्हटलंय. दोन्ही बाहेरच्यांचे अहवाल अनुकूल आले की तोंडी परीक्षा लागते. एकाचा प्रतिकूल आला तर तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवतात, आणि त्यानंही नाकारलं तर प्रबंध नामंजूर. परीक्षेला मार्गदर्शक आणि बाहेरच्यांपैकी किमान एक जण समोर असतो, हल्ली ऑनलाइनही चालतं. प्रबंध दिल्यापासून निकालापर्यंत सगळं सहा महिन्यांत आटपावं, असा नियम सांगतो. १ जूनला प्रबंध दिला तर नोव्हेंबर संपेपर्यंत.

ब्रिटनमध्ये हाच प्रकार बहुधा बंद दाराआड, दोन-तीन माणसांत होतो, आणि मार्गदर्शक सहसा परीक्षक नसतो. नेदरलँड्समध्ये तो सोहळाच असतो. अनेक विद्यापीठांत पाऊण तास प्रश्न चालतात, मग दंडधारी कर्मचारी आत येऊन लॅटिनमध्ये 'वेळ झाली' असं पुकारतो, आणि उमेदवाराचं वाक्य अर्धं असलं तरी प्रश्नोत्तरं आवरती घेतात.

व्हायवा बिघडतो कुठे, तेही सांगते. पाठ केलेली स्लाइड वाचताना कुणी क्वचितच अडतं. अडतात ती 'का' या एका अक्षरावर. चाळी ४० च का, साठ का नाहीत? निफाडच का, सटाणा का नाही? वजन महिन्यानंच का? या प्रश्नांना 'सरांनी सांगितलं म्हणून' हे उत्तर आलं, की परीक्षक मान खाली घालून वहीत काहीतरी लिहितो आणि खोलीतल्या जुन्या माणसांना कळतं काय झालं ते. त्याऐवजी 'तालुक्यात ये-जा करून दर महिन्याला एकटीला एवढ्याच चाळींचं वजन करता येत होतं, त्यामुळे निष्कर्ष जिल्ह्याला लागू करताना मी जपून बोलले आहे', असं साधं उत्तर द्या. आपल्या कामाची वेस कुठे संपते हे सांगता आलेला उमेदवार परीक्षकांना आवडतो.

मार्गदर्शकाशी मतभेद असले तरी बिघडत नाही. आंबेडकरांच्या रुपयावरच्या प्रबंधाचं फेरलेखन करायला लंडनच्या परीक्षकांनी सांगितलं होतं, आणि मुंबईला परतून त्यांनी ते करून पाठवलं. पुढे पुस्तक निघालं, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्यात त्यांनी आपण सगळ्या मतांशी सहमत नाही हे स्पष्ट लिहिलं आणि युक्तिवादातल्या ताकदीची दादही दिली.

भाची निघताना म्हणाली, "मग आता काय करू?" तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध shodhganga.inflibnet.ac.in इथे फुकट वाचायला मिळतात. तुमच्या विषयाजवळचे तीन उघडा, फक्त गोषवारा वाचा, आणि प्रत्येकाची थीसिस एका वाक्यात लिहून काढा. ज्याची लिहिता येणार नाही, तो कुठे फसला ते वहीत नोंदवा. आणि पीएच.डी.ची तोंडी परीक्षा नियमानं खुली असते, विद्यार्थी तिथे बसू शकतात. विभागाच्या सूचनाफलकावर तारीख लागते. फॉर्म भरायच्या आधी एक दिवस काढा, मागच्या खुर्चीवर जाऊन बसा आणि परीक्षक किती वेळा 'का' विचारतात ते मोजा.